शेंगतेलावर आलेला खोटा रिव्ह्यू आणि तो हटवण्यासाठी केलेली लिखापढी

आमचा सोलापुरात लाकडी घाणा आहे. शेंगतेल, करडीचं तेल आणि ऑर्डर असेल तर खोबरेल. घाणा दादा बघतो, मी बिलं, हिशोब आणि फोनवरच्या ऑर्डरी बघते. गावातली गिऱ्हाइकं ओळखीची आहेत, ती रिव्ह्यू वाचून येत नाहीत, पण पुणे आणि हैदराबादकडची बरीच मंडळी गूगलवर शोधून फोन करतात आणि त्यांच्यासाठी आमची ओळख म्हणजे तिथले स्टार आणि खाली लोकांनी काय लिहिलंय तेवढीच.

२०२४ च्या दिवाळीनंतर तिथे एक स्टारचा रिव्ह्यू आला. तो जसाच्या तसा देते कारण पुढचं सगळं त्यातल्या एकेका वाक्यावर आहे:

"तेल अजिबात आवडलं नाही, वास पण नाही. भाव पण खूप जास्त. हे लोक शेंगतेलात पाम तेल मिसळतात. दिवाळीच्या आधी एफडीएने धाड टाकून दुकान सील केलं होतं. यांच्याकडे लायसन पण नाही. फसवे लोक."

नाव वेगळंच काहीतरी होतं, फोटो नाही, आणि आमच्या बिलात त्या नावाचं कुणी नाही. दोनतीन दिवसात एका पुण्याच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला की अहो ते सील वगैरे काय आहे, खरं का, आणि तेव्हा दादाचा तोल गेला. तो म्हणाला आत्ताच्या आत्ता खाली लिही की तू कोण आहेस ते आम्हाला माहितेय, कोर्टात खेचतो. मी म्हणलं थांब, आधी आत्तेभावाला फोन करू. आत्तेभाऊ वकील आहे, बार्शीत प्रॅक्टिस करतो, त्याने पहिल्यांदा विचारलं की ताई स्क्रीनशॉट काढलास का. मग म्हणाला उत्तर द्यायच्या आधी, रिपोर्ट करायच्या आधी, सगळ्याच्या आधी पुरावा धर, कारण लिहिणारा कधीही मजकूर बदलू शकतो किंवा काढून टाकू शकतो आणि मग तू कशाबद्दल बोलतेस हेच दाखवता येणार नाही.

तर पुरावा धरायचा म्हणजे नुसता मजकुराचा तुकडा कापून ठेवायचा नाही. मी कॉम्प्युटरवर उघडून पूर्ण स्क्रीनचा फोटो काढला, त्यात आमच्या दुकानाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, स्टार, मजकूर आणि खाली कोपऱ्यात कॉम्प्युटरची तारीख वेळ असं सगळं एकत्र दिसतं. गूगल नेमकी तारीख दाखवत नाही, "दोन दिवसांपूर्वी" असं दाखवतं, म्हणून स्क्रीनशॉटमध्ये आजची तारीख असलेली बरी, त्यावरून मागे मोजता येतं. मग रिव्ह्यूच्या बाजूच्या तीन टिंबांवर दाबून शेअरमधून त्या एका रिव्ह्यूची लिंक घेतली. दुकानाची लिंक वेगळी आणि रिव्ह्यूची लिंक वेगळी, पुढे फॉर्ममध्ये रिव्ह्यूचीच लागते. लिहिणाऱ्याच्या नावावर दाबून त्याच्या प्रोफाइलची लिंक आणि त्याने आणखी कुणाला काय लिहिलंय त्याचाही स्क्रीनशॉट घेतला. सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं आणि स्वतःलाच मेल करून टाकलं म्हणजे मेलवरची तारीख पण राहते. आत्तेभाऊ म्हणाला मूळ फाइली फोनमधून पुसू नकोस, उद्या कोर्टाची वेळ आली तर डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते देताना कुठल्या फोनवरून कुठल्या कॉम्प्युटरवरून काढलं हे सांगावं लागतं.

त्यानंतर आम्ही तिघं फोनवर बसून रिव्ह्यूची वाक्यं वेगळी केली आणि मला वाटतं की सगळ्या प्रकरणात हे काम सगळ्यात महत्त्वाचं होतं. "तेल आवडलं नाही, वास नाही, भाव जास्त" हे मत आहे. ते मला कितीही लागलं तरी त्याला खोटं म्हणता येत नाही, माणसाला नाही आवडलं तर नाही आवडलं. "फसवे लोक" हा शब्द वाईट आहे पण एकटा घेतला तर तोही रागात दिलेला शेरा आहे, खरा की खोटा ते तपासायला त्यात काही नाही. उरलेली तीन वाक्यं मात्र वेगळ्या जातीची आहेत: पाम तेल मिसळतात, एफडीएने दुकान सील केलं, लायसन नाही. ही घडलेल्या गोष्टींबद्दलची विधानं आहेत, कागद काढून तपासता येतात, आणि खोटी निघाली तर खाद्यपदार्थाच्या धंद्याचं नाव त्याने थेट जातं. आपली तक्रार फक्त या तीन वाक्यांची, बाकीच्याला हात लावायचा नाही असं ठरलं. दादाला हे पटायला वेळ लागला, तो म्हणत होता वासाचं पण खोटंच आहे, आपल्या तेलाला वास असतोच. असतो, पण ते तक्रारीत घातलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं यांना नुसतं वाईट लिहिलेलं खपत नाही आणि तीन पक्क्या मुद्द्यांची किंमत पण गेली असती.

मग एकेका वाक्याला कागद शोधले.

लायसनचं सगळ्यात सोपं. आमची उलाढाल बारा लाखाच्या आत होती तेव्हा साधं रजिस्ट्रेशन होतं, नंतर वाढली म्हणून राज्याचं लायसन घेतलं, चौदा आकडी नंबर दुकानात लावलेला आहे आणि बाटलीच्या लेबलवर पण छापलेला असतो. लोकांना माहीत नसतं पण एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर तो नंबर टाकून कुणालाही तपासता येतो. त्याचा स्क्रीनशॉट, लायसनची प्रत आणि लेबलचा फोटो असे तीन कागद. प्रत देताना एक बघितलं की लायसनवर जारी केल्याची तारीख रिव्ह्यूच्या आधीची आहे आणि मुदत संपलेली नाही, नाहीतर समोरचा म्हणेल नंतर काढलं.

सील केल्याचं वाक्य मात्र नाजूक होतं, कारण त्यात अर्धं काहीतरी घडलेलं होतं. दिवाळीच्या आधी एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, अन्न सुरक्षा अधिकारी आमच्याकडे आले होते. सणाच्या तोंडावर तेल, तूप, खवा, मिठाई यांचे नमुने घेतातच, आमच्या गल्लीतल्या मिठाईवाल्याकडे पण गेले होते. त्यांनी शेंगतेलाचा नमुना घेतला, आमच्यासमोर त्याचे चार भाग करून सीलबंद केले, सह्या घेतल्या, नमुना घेतल्याची फॉर्म व्हीए ची नोटीस दिली आणि गेले. म्हणजे सील झालं ते नमुन्याच्या बाटल्यांना, दुकानाला नाही. दारात सरकारी गाडी बघून कुणीतरी काहीतरी समजून घेतलं असेल किंवा मुद्दाम फिरवलं असेल, ते मला आजही माहीत नाही.

दादाचं म्हणणं होतं की एफडीए आलीच नव्हती असं लिहून टाक, कशाला वर काढायचं. मी त्याला सरळ नाही म्हणलं. एकतर ते खोटं झालं असतं, आणि आपली तक्रार खोट्या विधानाविरुद्ध आहे तर आपल्याच कागदात खोटं कसं घालायचं. दुसरं म्हणजे उद्या समोरच्याने दारातल्या गाडीचा फोटो टाकला की आमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवर पण कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून लिहिलं ते असं की अधिकारी नियमित तपासणीला आले, नमुना घेतला, ही त्यांची नोटीस, दुकान सील किंवा बंद करण्याचा कुठलाही आदेश नाही. आणि दुकान चालू होतं हे दाखवायला त्या दिवसापासून पुढच्या महिनाभराच्या बिलांचे सलग नंबर आणि बँकेच्या यूपीआय सेटलमेंटचं स्टेटमेंट काढलं. सील केलेल्या दुकानातून रोज बिलं निघत नाहीत आणि रोज पैसे जमा होत नाहीत, त्यामुळे हा पुरावा मला स्वतःला सगळ्यात आवडला, यात आपण काही म्हणतोय असं नाही, बँकच सांगते. बिलांवरची गिऱ्हाइकांची नावं आणि मोबाईल नंबर काळे केले. शिवाय एफडीएच्या सोलापूर कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज दिला, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्यात एकच प्रश्न विचारला की अमुक पत्त्यावरच्या अमुक लायसनधारकाचं दुकान या काळात सील केल्याची किंवा धंदा थांबवल्याची काही नोंद आहे का, असल्यास आदेशाची प्रत द्यावी. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, तोपर्यंत थांबायचं नाही, बाकीचं चालू ठेवायचं.

पाम तेलाचं वाक्य सिद्ध करायला सगळ्यात अवघड. कारण आम्ही मिसळत नाही हे कसं दाखवणार, प्रत्येक बाटली कुठे तपासणार. आपण लॅबला तेल पाठवलं तर कुणीही म्हणेल की चांगलं निवडून पाठवलं. इथे त्या तपासणीचाच उपयोग झाला. नमुन्याच्या चार भागांपैकी एक भाग सरकारी अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चौथा भाग दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त लॅबला पाठवतात, खर्च दुकानदाराचा. दादाने त्या दिवशीच ती मागणी लेखी केली होती. म्हणजे अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने घेतलेल्या आणि सील केलेल्या तेलाचा रिपोर्ट आमच्या हातात होता.

त्या रिपोर्टमध्ये दोन आकडे बघण्यासारखे असतात. एक आयोडीन व्हॅल्यू, शेंगतेलाची ८५ ते ९९ च्या मध्ये यायला पाहिजे असं प्रमाण आहे, पाम तेलाची त्यापेक्षा बरीच कमी असते, साठच्या आसपास किंवा खाली, त्यामुळे बऱ्यापैकी पाम मिसळलं की हा आकडा खाली ओढला जातो. दुसरी बेलियर टेस्ट, म्हणजे ठराविक पद्धतीने तयार करून थंड करताना तेल कुठल्या तापमानाला गढूळ होतं ते, शेंगतेलाला ते ३९ ते ४१ अंश सेल्सिअस पाहिजे. आमचे दोन्ही आकडे बसत होते. तरी तक्रारीत मी असं लिहिलं नाही की आमचं तेल शंभर टक्के शुद्ध आहे हे लॅबने सिद्ध केलं. लिहिलं ते एवढंच की या तारखेला अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट शेंगतेलाच्या प्रमाणात बसतो, आणि पाम तेल मिसळल्याबद्दल आमच्यावर कुठलीही कारवाई झालेली नाही. कागद जेवढं बोलतो तेवढंच आपण बोलायचं, त्याच्या पुढे गेलं की समोरच्याला बोट दाखवायला जागा मिळते.

आता गूगलकडे तक्रार. इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि आत्तेभावाने आधीच सांगितलं होतं की दोन्ही करायचे पण दोन्हीकडून एकच अपेक्षा ठेवायची नाही.

पहिला रस्ता रिव्ह्यूच्या तीन टिंबातला, रिपोर्ट रिव्ह्यू. तिथे कारणांची यादी येते, Off topic, Spam, Conflict of interest, Profanity, Bullying or harassment आणि अशी आणखी. यात बदनामी असं कारणच नाही आणि पुरावा जोडायला जागा नाही, नुसतं एक कारण निवडायचं. हा रस्ता त्यांच्या कंटेंट पॉलिसीचा आहे, आणि गूगल स्वतः लिहितं की गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात खरं काय घडलं या वादात ते पडत नाहीत. म्हणजे खोटं आहे म्हणून इथून रिव्ह्यू जाईलच असं नाही, शिवीगाळ, जाहिरात, दुसऱ्याच दुकानाबद्दल लिहिलेलं, धंद्यातल्या स्पर्धकाने लिहिलेलं असं काही असेल तर जातो.

आमच्यासमोर स्पर्धकाचा प्रश्न होताच. त्या प्रोफाइलवर एकूण मोजके रिव्ह्यू होते आणि त्यातला एक दुसऱ्या एका तेलाच्या दुकानाला पाच स्टारचा होता. दादाची खात्रीच झाली. पण एका पाच स्टारवरून तो त्या दुकानाचा माणूस ठरत नाही, त्यांचं गिऱ्हाईकही असू शकतं, आणि नसताना आपण कुणा दुकानदाराचं नाव घेतलं तर आपणच बदनामी केली असं होईल. म्हणून Conflict of interest निवडलं नाही, त्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट फोल्डरमध्ये ठेवला, नाव कुठेही लिहिलं नाही. रिपोर्ट Spam म्हणून केला, कारण खोटे, प्रत्यक्ष अनुभवावर नसलेले रिव्ह्यू त्यांच्या नियमात त्याच गटात येतात आणि त्या नावाचं गिऱ्हाईक आमच्याकडे नव्हतं. पुढे त्याचं काय झालं ते बघायला बिझनेस प्रोफाइलच्या मदतीच्या पानावर रिव्ह्यू मॅनेज करायचं टूल आहे, तिथे आधी Decision pending दिसतं. काही दिवसांनी Report reviewed - no policy violation असं आलं. तिथूनच एकदा अपील करता येतं, तेही केलं, उत्तर तेच. माझ्या मते पॉलिसीच्या चौकटीतून बघितलं तर हे अपेक्षितच होतं, मजकुरात शिवी नाही, जाहिरात नाही, आणि खरंखोटं ते बघत नाहीत. पण ही पायरी केल्याची नोंद राहते ती पुढे सांगता येते.

दरम्यान रिव्ह्यूच्या खाली उत्तर लिहिलं. हे उत्तर त्या माणसासाठी नसतं, वाचणाऱ्या नव्या गिऱ्हाइकासाठी असतं, हे डोक्यात ठेवून चारपाच वेळा कापून कापून असं केलं:

"नमस्कार. तेल आवडलं नाही याचं वाईट वाटलं. आपल्या नावाने आमच्याकडे बिल सापडत नाही, बिल नंबर किंवा खरेदीची तारीख दुकानाच्या नंबरवर कळवली तर आम्ही तपासून बदली तेल किंवा पैसे परत देऊ. आमचं एफएसएसएआय लायसन दुकानात आणि प्रत्येक बाटलीवर आहे, नंबर फॉसकॉस पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. दिवाळीपूर्वी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी नियमित तपासणीत नमुना घेतला, दुकान सील झालेलं नाही. त्याच नमुन्याचा लॅब रिपोर्ट दुकानात बघायला ठेवला आहे."

यात खोटारडे नाही, कोर्ट नाही, तुम्ही कोण ते माहितेय नाही. दादाला हे फार मिळमिळीत वाटलं. पण त्या पुण्याच्या बाईंनी ते वाचून परत पाच लिटरची ऑर्डर दिली आणि रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर मागितला, तेव्हा तो काही बोलला नाही.

दुसरा रस्ता कायद्याचा. गूगलचं Report content for legal reasons असं वेगळं पान आहे, तिथे प्रॉडक्ट निवडायचं, मग रिव्ह्यू, मग कायदेशीर कारण, मग बदनामी. फॉर्म इंग्रजीत भरला. नाव, देश, मेल, रिव्ह्यूची लिंक, आणि दोन मोठे रकाने: नेमकं कुठलं वाक्य आक्षेपार्ह आहे ते शब्दशः, आणि ते खोटं का आहे ते सविस्तर. शेवटी माहिती खरी आहे असं जाहीर करून नाव टाइप करायचं, तीच सही. हे भरताना एक माहीत असावं की अशा तक्रारीची प्रत लुमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहाकडे जाऊ शकते आणि ज्याने लिहिलं त्यालाही कळवलं जाऊ शकतं, म्हणून त्यात गिऱ्हाइकांची माहिती, घरचा पत्ता, कुणावरचा संशय असलं काही नको.

पहिल्या रकान्यात तीन वाक्यं मराठीत जशीच्या तशी, अवतरण चिन्हात, लायसन्सच्या जागी लिहिलेलं "लायसन" सुद्धा तसंच, आणि प्रत्येकाखाली इंग्रजी भाषांतर. सुधारून लिहायचं नाही, कारण तपासणारा ते शब्द रिव्ह्यूत शोधतो. दुसऱ्या रकान्यात प्रत्येक वाक्यासाठी एक परिच्छेद, आणि प्रत्येकात एकच साचा: विधान काय, वस्तुस्थिती काय, कुठल्या कागदावरून, तो कागद कुठल्या तारखेचा, कुणी दिलेला. सील केल्याच्या वाक्याचा परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा होता:

"रिव्ह्यूत म्हटलं आहे की दिवाळीच्या आधी एफडीएने धाड टाकून दुकान सील केलं. हे विधान खोटं आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नियमित तपासणीसाठी आले होते आणि त्यांनी शेंगतेलाचा एक नमुना घेतला. फॉर्म व्हीए ची नोटीस सोबत आहे. दुकान सील करण्याचा किंवा बंद करण्याचा आदेश दिलेला नाही. तपासणीच्या दिवशी आणि त्यानंतर रोज विक्री झाली, बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट सोबत आहे."

बास एवढंच. आम्हाला किती त्रास झाला, घरी काय झालं, किती वर्षांचा धंदा आहे, यातलं काही घातलं नाही. ते खरं असलं तरी त्याने वाक्य खोटं ठरत नाही. शेवटी दोन ओळी लिहिल्या की चव, वास आणि किमतीबद्दलच्या मतावर आमचा आक्षेप नाही, तक्रार फक्त वरच्या तीन विधानांबद्दल आहे. या ओळी मला फार गरजेच्या वाटतात, कारण वाचणाऱ्याला पहिला संशय हाच असतो की दुकानदाराला टीका नकोय.

फॉर्म गेल्यावर मेल आला, विषयात एक नंबर होता. कागद त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवले, नवीन मेल केला नाही म्हणजे नंबर तुटत नाही. फाइलींना नावं दिली ती परिच्छेदाच्या क्रमाने, एक लायसन, दोन फॉर्म व्हीए, तीन बँक, चार लॅब, म्हणजे उघडणाऱ्याला शोधावं लागत नाही.

आणि मध्येच रिव्ह्यू बदलला. मी रोज बघत होते म्हणून कळलं, वर "एडिट केलं" असं दिसायला लागलं आणि "दुकान सील केलं होतं" च्या जागी "दुकान सील केलं होतं असं ऐकलं" झालं होतं, बाकी तेच. आता आमच्या फॉर्ममधलं वाक्य आणि समोरचं वाक्य जुळत नव्हतं. लगेच नवा स्क्रीनशॉट काढला आणि त्याच मेलवर कळवलं की मजकूर या तारखेला बदललेला दिसला, जुना असा होता, नवा असा आहे, दोन्हीचे स्क्रीनशॉट सोबत, आणि "असं ऐकलं" जोडल्याने विधान खरं होत नाही, वाचणाऱ्यापर्यंत तेच पोचतं. आत्तेभाऊ म्हणाला कायद्यातही ऐकीव म्हणून खोटं पसरवलं तर सुटका होते असं नाही.

गूगलकडून एकदा जादा माहिती मागितली गेली, कुठलं विधान नेमकं का खोटं ते पुन्हा स्पष्ट करा अशी. तेव्हा चिडायला झालं होतं पण सगळं साच्यात लिहिलेलं असल्यामुळे तेच परिच्छेद आणखी थोडक्यात करून दिले. तोपर्यंत माहिती अधिकाराचं उत्तर आलं होतं, दुकान सील केल्याची नोंद आढळून येत नाही असं एका ओळीचं, सही शिक्क्यासकट. तेही त्याच मेलवर जोडलं, इंग्रजी भाषांतर करून. माझ्या कागदांपेक्षा त्या एका ओळीचं वजन जास्त होतं, कारण ज्यांनी सील केलं असं म्हणलंय त्यांचंच ते उत्तर आहे.

हे चालू असताना पुढची तयारीही करून ठेवली होती. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याने चोवीस तासात पोच द्यायची आणि तेव्हाच्या नियमात पंधरा दिवसात निकाल द्यायचा. त्याच्या निर्णयावर तीस दिवसाच्या आत gac.gov.in वर तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं, ही समिती २०२३ पासून चालू आहे. पण इथेही एक मर्यादा आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर प्लॅटफॉर्मने मजकूर काढलाच पाहिजे अशी सक्ती साधारणपणे कोर्टाच्या किंवा सरकारच्या आदेशानेच होते, नुसत्या आपल्या तक्रारीने नाही. त्यामुळे फॉर्मला नाही म्हणले तर शेवटचा रस्ता दिवाणी कोर्टाचा, आणि बदनामीच्या नुकसानभरपाईच्या दाव्याला मुदत एक वर्षाची आहे, ती प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. ती तारीख आत्तेभावाने पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला लावली होती. फौजदारीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, पण त्या वाटेला आम्हाला जायचं नव्हतं, रिव्ह्यू गेला पाहिजे एवढंच हवं होतं.

कोर्टात जायची वेळ आली नाही. मेल आला की तक्रारीचा विचार करून तो रिव्ह्यू भारतात दिसणं बंद केलं आहे. नीट वाचा, भारतात. कायदेशीर कारणाने काढलेला मजकूर बरेचदा त्या त्या देशापुरता बंद होतो. मावसबहीण दुबईला असते तिला बघायला सांगितलं, तिच्याकडे तो अजून दिसत होता. आमची गिऱ्हाइकं इथलीच आहेत त्यामुळे आम्ही तिथेच थांबलो, पण ज्यांचा माल बाहेर जातो त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. आणखी एक म्हणजे रिव्ह्यू जातो तो आख्खा जातो, त्यातली तीन वाक्यं कापून बाकीचा ठेवता येत नाही, त्यामुळे भाव आणि वासाबद्दलची तक्रारही त्याच्याबरोबर दिसेनाशी झाली. ती मला ठेवायला चालली असती.

फोल्डर अजून तसाच आहे. त्याच माणसाने किंवा दुसऱ्या कुणी नव्या खात्यावरून तेच लिहिलं तर त्याची लिंक नवी असते आणि फॉर्म नव्याने भरावा लागतो, पण लायसन, फॉर्म व्हीए, लॅब रिपोर्ट आणि माहिती अधिकाराचं उत्तर तेच लागणार. लायसनची नवी प्रत आली की त्यातली जुनी मी बदलते, आणि दादा आता प्रत्येक तपासणीला चौथ्या भागाची मागणी लेखी देऊन पोच घेतो.